मामाच्या नावावरची जागा

आमच्या मेडिकल कॉलेजच्या प्रवेश विभागात तिला सगळे भिंगबाई म्हणत. टेबलाच्या खणात तिचं एक जाड भिंग असे, आणि ते डोळ्याला लावल्याशिवाय तिने एकही शिक्का कधी खरा मानला नाही. मी शेजारच्या टेबलावर फीच्या पावत्या फाडायचो. अकरा वर्षं आमच्यामध्ये एकच पंखा होता, आणि तो कुणाकडे वळवायचा यावरून आमचं रोज सकाळी भांडण व्हायचं.

बाई वयाने पन्नाशीची, अंगाने किरकोळ, बोलायला तिखट. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. धाकट्या बहिणीच्या घरी वरच्या खोलीत राहायची. कागद तपासणं हे तिचं काम होतं आणि खरं सांगायचं तर तिची करमणूकही. एखाद्या दाखल्यावरची तारीख रविवारची निघाली की ती माझ्याकडे बघून भुवई उडवायची. "साहेब सुट्टीच्या दिवशीसुद्धा सही करतात, किती कष्टाळू माणूस!" एवढं म्हणून फाइल बाजूला ठेवायची.

प्रवेशाचे दिवस आले की आमच्या खिडकीपुढे पालकांची रांग लागायची आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असायचा. एकदा एका शिक्षकाने टेबलावर हात आपटून विचारलं, "बाई, बाक तोच, मास्तर तेच, मुडदाही तोच. मग फी तीन-तीन का?"

बाईने चष्मा वर केला. "सरकारी यादीतून गुणवत्तेवर येणाऱ्याला फी समितीने ठरवलेली फी. मॅनेजमेंट कोट्याच्या जागेला इथे तिच्या तिप्पट. आणि एनआरआय कोट्याला पाचपट. पण परीक्षा तिघांनाही एकच, आणि त्यात पात्र ठरल्याशिवाय कितीही पट भरलेत तरी या दाराच्या आत येता येत नाही."

"मग एनआरआयला पाचपट भरून लोक येतात कशाला?"

"तिथे रांग लहान असते, गुरुजी. मॅनेजमेंटच्या जागेला पैसेवाले शंभर असतात, त्यांच्यातही नंबर लागतो. एनआरआयला परदेशात राहणारा आई-बाप किंवा रक्ताचा जवळचा नातलग लागतो. तो सगळ्यांकडे नसतो."

त्या वर्षी एनआरआयच्या शेवटच्या जागेसाठी एका मुलीची फाइल आली. मुलीच्या वडिलांचं फरशांचं दुकान होतं. दुकानदार गोड बोलणारा, घामाघूम, प्रत्येक वाक्यात 'ताई' म्हणणारा. मुलगी मागे उभी, सडपातळ, हातात फोन. परीक्षेत ती पात्र होती, पण नंबर खूप खालचा. मॅनेजमेंटच्या यादीत ती कुठेच बसत नव्हती. तिच्या आईचा सख्खा भाऊ परदेशात नोकरीला. तो प्रायोजक, म्हणजे पूर्ण शिक्षणाची फी तो भरणार.

बाईने कागद एकेक करून मांडले. मामाचा पासपोर्ट, तिथल्या वास्तव्याचा परवाना, वकिलातीचा अनिवासी असल्याचा दाखला, परदेशी कमाईच्या बँक खात्याचा उतारा, आई आणि मामा सख्खी भावंडं असल्याचा तहसीलचा वंशावळीचा दाखला, आणि 'भाचीची फी मी माझ्या खात्यातून भरीन' असं मामाचं प्रतिज्ञापत्र.

"वकिलातीचा दाखला चौदा महिन्यांपूर्वीचा आहे," ती म्हणाली. "या प्रवेशवर्षाचा लागतो."

"नवा मागवलाय, ताई. मेव्हण्यांना सुट्टी मिळत नाहीये."

बाईने भिंग प्रतिज्ञापत्रावर नेलं. "हे आपल्याच गावातल्या नोटरीपुढे केलंय. तीन महिन्यांपूर्वी."

"हो, आले होते ना तेव्हा. धावती भेट."

"मग पासपोर्टची सगळी पानं आणा. तुम्ही फक्त पहिलं आणि शेवटचं दिलंय. आल्याचा शिक्का मधल्या पानावर असेल."

दुकानदाराने रुमालाने मान पुसली. मुलगी मात्र हसून म्हणाली, "मामा आला होता? मला न भेटता गेला?" बाप म्हणाला, "अगं, एका दिवसाचं काम होतं." आणि तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेला.

बाईने फाइलवर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. आठ दिवसांची मुदत दिली.

दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या सेक्रेटरींनी तिला बोलावलं. ती परत आली तेव्हा कान लाल झाले होते. "म्हणतात, कागद पूर्ण आहेत ना, मग खोदकाम कशाला. एनआरआय मिळाला नाही तर ती जागा मॅनेजमेंटमध्ये जाते आणि दोन पटींवर पाणी सोडावं लागतं."

"मग?"

"मग काय? यादी पुढे प्रवेश प्राधिकरणाकडे जाते. तिथेही कुणी बसलेलं असतंच की भिंग घेऊन. उद्या प्रवेश रद्द झाला तर पोरगी दोन वर्षं शिकून घरी बसेल. त्यापेक्षा आज विचारलेलं बरं."

अर्जावर मामाचा परदेशातला नंबर होता. बाईने ऑफिसच्या फोनवरून तो लावला. घंटा वाजत राहिली, मग आवाज आला. तिने मला खूण केली आणि स्पीकर लावला. पुरुषाचा आवाज, भरदार, बोलता बोलता हसू आवरणारा. "मी आत्ता फोन उचलू शकत नाहीये. घाई असेल तर निरोप ठेवा, घाई नसेल तर चहा घ्या आणि परत करा." मागे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज आणि एका बाईचं हसणं.

"मजेशीर माणूस दिसतोय," मी म्हणालो.

तिने निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी परत लावला, तिसऱ्या दिवशी दोनदा. प्रत्येक वेळी तेच हसू, तेच भांडं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती फोन ठेवून बराच वेळ हात तसाच फोनवर ठेवून बसली.

"काय झालं?"

"काही नाही रे. हा आवाज एखाद्या रिकाम्या घरात लावून ठेवल्यासारखा वाटतो."

मी हसण्यावारी नेलं. पण त्या दिवशी पंखा कुणाकडे वळवायचा यावरून ती भांडली नाही.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. पलीकडे बाईमाणूस होतं, आणि तिचा आवाज दबका होता. "या नंबरवरून माझ्या मिस्टरांना रोज फोन येतोय. कोण आपण?"

भिंगबाईने नाव, कॉलेज, काम सगळं सांगितलं. "दोन मिनिटं त्यांच्याशी बोलायचं होतं. प्रतिज्ञापत्रावर सही त्यांनीच केली ना, एवढंच विचारायचंय."

मग ती म्हणाली, "ते गेले हो. अकरा महिने झाले. कामावरच, छातीत कळ आली."

बाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या समोर प्रतिज्ञापत्र उघडं पडलं होतं.

"मग हा फोन?"

"बंद करवत नाही. आवाज आहे त्यात." मामी पुढे बोलू लागली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेचना. इकडे नणंदेच्या घरी म्हातारे सासरे आहेत, त्यांचं हृदय अधू. नणंदेने हात जोडून सांगितलं, बाबांना कळू देऊ नका. सासऱ्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे फोनवर बोलायचा प्रश्नच नाही. त्याच्या फोनवरून हीच मेसेज करते, आणि नात ते आजोबांना फोनवर दाखवते. "आणि फी मी भरणार होते, बाई. खातं दोघांच्या नावाने आहे. पोरीला डॉक्टर करायचा त्यांनी शब्द दिला होता. माझीसुद्धा नोकरी आहे इथे. सहीचं मला काही ठाऊक नाही, ते भाऊजींनी, पोरीच्या वडिलांनी, काय केलं असेल ते."

"तुम्ही फी भरायला तयार असाल," भिंगबाई सावकाश म्हणाली, "पण नात्यांच्या यादीत सख्खा मामा आहे, मामी नाही. रक्ताचं नातं लागतं. तुम्ही तिच्या पालक आहात असा कोर्टाचा हुकूम आधीपासून असता तर गोष्ट वेगळी."

"म्हणजे ते असते तर चाललं असतं."

"हो."

"ते असते तर सगळंच चाललं असतं," मामी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

इथपर्यंत बाईने सगळं बरोबर केलं होतं. चूक झाली ती दुसऱ्या दिवशी, आणि ती चूक तिने पुढे स्वतःला कधी माफ केली नाही.

मुलगी एकटीच आली. बापाने तिच्या हाती पासपोर्टची बाकीची पानं पाठवली होती; त्या महिन्यात मामा आल्याचा शिक्का अर्थातच कुठे नव्हता. ती खुर्चीवर बसली, ओढणीने कपाळ पुसलं, आणि विचारलं, "झालं ना आता?"

आजोबांना मेसेज दाखवणारी नात म्हणजे तिला सगळं ठाऊक असणार, असं बाई धरून चालली होती. तिने फाइल बंद केली आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाली, "बाळ, मला फार वाईट वाटतंय. पण मामांच्या निधनानंतरच्या तारखेचं प्रतिज्ञापत्र मी कसं घेऊ, सांग?"

"कुणाच्या निधनानंतर?"

बाईने बंद केलेली फाइल परत उघडली.

"अहो, तुमची कुणाच्या तरी फाइलशी गल्लत होतेय," मुलगी हसत म्हणाली. फोन काढून तिने आमच्यासमोर धरला. "हे बघा, परवाच मेसेज आलाय. 'आधी हाताची हाडं पाठ कर, मग पायाची. बाबांच्या गोळ्या संपत आल्या असतील.' माझा मामा आहे हा."

मी पावतीपुस्तक चाळायला लागलो, का ते मला माहीत नाही. मुलीने एकदा बाईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तिचं हसू हळूहळू उतरलं. तिने नंबर लावला. खोलीत पुन्हा तो आवाज आला. घाई असेल तर निरोप ठेवा.

"मामा," ती म्हणाली, "मी कॉलेजात आलेय. इथे लोक काहीतरीच बोलतायत. तू एक फोन कर. आत्ता कर."

ती अर्धा तास बसली. बाईने तिला पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. फोन टेबलावर उताणा ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली. खिडकीपुढची रांग कुजबुजायला लागली, तरी तिला उठ म्हणायची आमची हिंमत झाली नाही. शेवटी फोनवर मेसेज आला. तिने वाचला आणि आम्हाला न दाखवता उठून गेली. त्यात काय होतं ते मला कधीच कळलं नाही.

संध्याकाळी दुकानदार आला. आता तो 'ताई' म्हणत नव्हता. "जागा नाही दिलीत ती नाही दिलीत, पोरीला सांगायची काय गरज होती? अकरा महिने आम्ही जिवाचं रान करून एक माणूस जिवंत ठेवला होता!"

"मला वाटलं तिला माहीत आहे," बाई एवढंच म्हणाली.

सेक्रेटरींचं म्हणणं, फाइलवर 'कागदपत्रं अपूर्ण' असा शेरा मारा आणि विषय मिटवा. बाईने तसं केलं नाही. तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं: प्रायोजक हयात नाही, प्रतिज्ञापत्र मृत्यूनंतरच्या तारखेचं, उमेदवार या कोट्यासाठी अपात्र. पुढे पोलिसांत जायचं की नाही ते संस्थेने ठरवायचं होतं, आणि संस्थेने ते ठरवलंच नाही. एनआरआयसाठी दुसरा कुणी पात्र उमेदवार नव्हता, त्यामुळे जागा मॅनेजमेंट कोट्यात गेली आणि तिथल्या प्रतीक्षायादीतल्या पहिल्या मुलाला मिळाली. तो मुलगा पेढ्यांसारखं काहीतरी घेऊन आला होता. बाईने डबा उघडलासुद्धा नाही.

त्यानंतर ती बदलली. बारीकशा आवाजालाही दचकायची. कुठे भांडं वाजलं की मान वर करायची. एखाद्या अर्जावर परदेशातला नंबर दिसला की तो लावण्याआधी रिसीव्हर हातात धरून बसून राहायची. "उचलेल ना रे कुणीतरी?" असं मला विचारायची. उचलला की इतका मोठा सुस्कारा सोडायची, की पलीकडच्या माणसाला वाटावं आपण काही गुन्हा केलाय. एकदा म्हणाली, "घरी वरच्या खोलीत बसले की मला तो हसताना ऐकू येतो. मला त्याची भीती नाही वाटत. मला लाज वाटते."

तीन आठवड्यांनी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आमच्या विभागात आले. इस्त्रीचा सदरा, कानात बंद पडलेलं यंत्र. खिडकीशी न थांबता थेट आत येऊन त्यांनी विचारलं, "कागद तपासणाऱ्या बाई कोण?"

मी बाईकडे पाहिलं. ती उभी राहिली होती.

"माझ्या मुलाच्या कागदात खोट निघाली म्हणे," ते मोठ्याने म्हणाले, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे. "माझा मुलगा असा नाही. तीस वर्षं परदेशात आहे, एका पैशाचा लबाडपणा नाही. काय खोट होती, मला सांगा. घरात कुणी नीट सांगत नाही. नात तर माझ्याकडे बघतच नाही."

बाईने टेबलावरचा कोरा कागद ओढला. पेन उघडलं. अकरा वर्षांत तिने फाइलवर खोटं अक्षर काढलेलं मी पाहिलं नव्हतं. तिचा हात कागदावर थांबला, मग तिने लिहिलं, आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. मी मान लांब करून वाचलं. *दाखला जुन्या वर्षाचा होता. तुमच्या मुलाची काही चूक नाही.*

म्हाताऱ्यांनी ते दोनदा वाचलं. चेहरा सैल पडला. "एवढंच ना? मग नवा काढेल तो. मी कळवतो त्याला."

बाईने मान हलवली. मुदत संपली, असं खाली लिहिलं.

"बरं," ते म्हणाले. निघायला वळले आणि परत थांबले. "तुम्ही त्याला फोन केलात असं नात म्हणाली. मला तर बारा वर्षं त्याचा आवाज ऐकू आलेला नाही. कसा आहे हो आता? म्हातारा झाला का?"

बाईने लिहायला पेन उचललं, मग खाली ठेवलं. ती त्यांच्या अगदी जवळ गेली, त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून, ओठ ठळक हलवत म्हणाली, "छान आहे. हसरा आवाज आहे."

"लहानपणापासून तसाच," म्हातारे म्हणाले. तो कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला आणि गेले.

बाई खुर्चीत बसली. "आता मीही त्यांच्यातली झाले," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी प्रवेश सुरू व्हायच्या आधी तिने अर्ज करून ग्रंथालयात बदली मागून घेतली. तिथे पगार कमी नव्हता, पण ओव्हरटाइम नव्हता. सेक्रेटरींना बरंच वाटलं असणार. तिच्या टेबलावर मला बसवलं. भिंग तिने माझ्यासाठी ठेवलं नाही, आणि मी मागितलंही नाही.

त्या प्रकरणानंतर दोन वर्षांनी घराच्या फरशा बदलायच्या म्हणून मी बाजारात गेलो तेव्हा त्या दुकानदाराच्या दुकानात शिरलो. त्याने मला ओळखलं, आणि न विचारताच दोन-चार नमुने पुढे मांडले. मग त्यानेच सांगितलं. मुलीने परत परीक्षा दिली. डॉक्टरकीला नंबर लागला नाहीच, पण दुसऱ्या शहरात फिजिओथेरपीला गुणवत्तेवर जागा मिळाली, साध्या फीची. मामी पैसे पाठवायचा आग्रह करत होती, मुलीने नको म्हणून सांगितलं. सुट्टीत घरी आली की बापाशी कामापुरतं बोलते.

मी दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन बाईला हे सांगितलं. ती पुस्तकांना नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवत होती.

"आणि आजोबा?"

"गेले. मार्चमध्ये."

तिचा चिकट हात थांबला. "त्यांना सांगितलं होतं का कुणी? की तसेच गेले?"

"ते मी विचारलं नाही."

"विचारायला हवं होतंस," ती एकदम चिडून म्हणाली. "तेवढं एक विचारायला काय झालं होतं तुला?" मग आवाज खाली आणून, समोरच्या पुस्तकाकडे बघत म्हणाली, "जाऊ दे. तू जा आता, तिकडे रांग लागली असेल."

रांग खरंच लागली होती. मी जिना उतरून आलो तेव्हा माझ्या टेबलापुढे एक बाप आणि मुलगा बसले होते, आणि बाप फाइलमधून काकाच्या पासपोर्टची प्रत काढत होता.